पांढऱ्यावर तपासलेले फोन

थान बाईंचा फोन आला तेव्हा लीछुनने चहाचं पहिलं पाणी नुकतंच ओतून टाकलं होतं. दुसरं पाणी किटलीतच राहिलं आणि कडू झालं, इतका वेळ त्या बोलत होत्या. मुळात थान बाई कमी बोलणाऱ्या. छांगशा शहरात त्या घरोघर जेवण पोचवणाऱ्या पोरांना फोन भाड्याने देतात, आणि फोन दरवेळी लीछुनकडूनच घेतात. इतक्या वर्षांत त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता. आजही चढवला नाही, आणि तेच लीछुनला जास्त लागलं.

"हे बघा मालकीणबाई, माझ्या पोरांचा नकाशा काळ्या पानाचा असतो. डार्क मोड. मीच सक्ती केलीय. उन्हात हिंडायचं तर पडद्याचा उजेड पूर्ण ठेवावा लागतो, मग निदान पान तरी काळं हवं. तुमच्या आधीच्या खेपेचे फोन तेवढ्यावर संध्याकाळ गाठायचे. या खेपेतले काही गाठतात, काही दुपारीच मान टाकतात. मॉडेल तेच, नकाशा तोच, पोरंही तीच. मग बदललं काय?"

"बॅटऱ्या बघते मी," लीछुन म्हणाली.

"बघा. मेलेले परत पाठवतेय. आणि एक सांगते, राग मानू नका. मला वाटलं होतं, ह्वाछियांगबेच्या अख्ख्या फोनबाजारात एक तरी काउंटर असा आहे की जिथला माल उघडून बघावा लागत नाही."

फोन ठेवल्यावर लीछुनने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर समोर बसलेल्या भावाकडे पाहिलं. हानवेन खाली मान घालून एका फोनचे स्क्रू काढत होता. काउंटर म्हणजे काय, एक माणूस झोपला तर पाय बाहेर यावेत एवढी जागा. त्यात दोघं बसायची. त्याने बहिणीचं अर्धं बोलणं ऐकलं असणारच, पण विचारलं काही नाही. विचारलं का नाही? निरपराध माणूस विचारतो. लीछुनच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

लीछुनचा धंदा वापरलेल्या फोनचा. जुना फोन घ्यायचा, चांगला करायचा, पुढे विकायचा. बॅटरी हानवेन बदलायचा. काच तडकलेली असली तर फोन पाचव्या मजल्यावर वेंग शिफूंकडे, म्हणजे वेंग उस्तादांकडे, जायचा. ते वरची फुटकी काच सोलून काढायचे आणि आतला मूळ पडदा तसाच ठेवून नवी काच चिकटवायचे. शेवटची तपासणी लीछुनची. तिच्या नजरेचं साऱ्या मजल्यावर नाव होतं. पडद्यावर पांढरं फटफटीत पान लावायचं, उजेड पूर्ण करायचा आणि फोन डोळ्यांशी धरून कोपऱ्याकोपऱ्यातून बघायचं. धुळीचा कण, बुडबुडा, पिवळा डाग, जळकी सावली, जे काही असेल ते पांढऱ्यावर आपोआप वर येतं. ही रीत तिला वेंग शिफूंनीच शिकवली होती, ती गावाहून नवी नवी आली तेव्हा. "पांढऱ्यावर पाप लपत नाही," असं ते म्हणायचे, आणि ती ते शेजारच्या काउंटरवाल्यांना ऐकवायची.

आता तुम्ही म्हणाल, एवढी तयारीची बाई, मग एवढा माल हातून कसा सुटला? तेच तर सांगतोय.

हानवेनचं वागणं गेले काही दिवस तिला खटकतच होतं. दुपारी जेवण झालं की हा गायब. कुठे गेला होतास विचारलं की "इथेच." फोन वाजला की उठून जिन्यात जायचा. बॅटऱ्याही नेहमीच्या माणसाकडून न घेता खालच्या मजल्यावरच्या एका बाईकडून आणायला लागला होता. "तिचा माल चांगला आहे," एवढंच म्हणायचा. सुट्या सुट्या गोष्टी. थान बाईंच्या फोननंतर त्या एकमेकींना जाऊन चिकटल्या.

परत आलेला खोका तिने हानवेनसमोर उघडला नाही. वर नेला, वेंग शिफूंकडे.

शिफूंची खोली म्हणजे एक काचेचं कपाट, धूळ येऊ नये म्हणून चारी बाजूंनी बंद. बाहेर चहाचं टेबल. त्यांनी तीन पेले मांडले. माणसं दोन असोत की दहा, आमच्या छाओशान मुलखात चहाच्या टेबलावर पेले तीनच. त्यांनी चहा ओतला, लीछुनने दोन बोटं टेबलावर टकटक वाजवून आभार मानले. मग तिने सगळं सांगितलं.

शिफू बराच वेळ किटलीशी खेळत राहिले.

"हानवेन पोरगा चांगला आहे," ते म्हणाले.

"चांगला आहे हे मी विचारलं का तुम्हाला?"

"तसं नाही गं. पण बॅटरी ही गोष्ट अशी आहे की वरून कळत नाही. आकडा खोटा लिहिता येतो. आणि पोरांना या वयात हात मोकळा हवासा वाटतो." त्यांनी पेला उचलला आणि लगेच खाली ठेवला. "मी काही म्हणत नाही. घरातली गोष्ट आहे. तू बघ."

काही म्हणत नाही असं म्हणून माणूस किती म्हणून जातो! लीछुन खाली आली ती कान भरून घेऊनच.

त्या दिवसापासून तिने भावावर पाळत ठेवली. तो बॅटरी बसवताना ती उगाच मागे उभी राहायची. तो जेवायला गेला की त्याचा खण उघडायची. एकदा त्याची पिशवीही उघडली. आत एक घडी केलेला शर्ट, पाण्याची बाटली आणि उन्हाची टोपी. हातात काही लागलं नाही याचं तिला समाधान वाटायला हवं होतं. तिला वाटलं, हा फार हुशार झालाय.

शेजारच्या काउंटरवरची फँग वहिनी, जिचा धंदा फोनच्या कव्हरचा आणि छंद दुसऱ्यांच्या घरचा, तिने विचारलंच. "काय गं, भावाची झडती घेतेस?"

"साफसफाई करतेय."

"पिशवीच्या आतून?"

आणि हे हानवेनने ऐकलं. तो मागेच उभा होता, हातात दोघांसाठी आणलेल्या गोमांसाच्या गोळ्यांच्या सूपच्या डब्या.

"ताई, काय शोधत होतीस?"

लीछुनला गप्प बसता आलं असतं. पण पकडलं गेलेलं माणूस उलटं अंगावर जातं, तशी ती गेली. "तूच सांग काय शोधायला हवं. बॅटऱ्यांत काय घालतोस ते सांग. थान बाईंसारखं गिऱ्हाईक घालवलंस माझं. रोज दुपारी कुठे उलथतोस ते सांग!"

"बॅटऱ्यांत मी काय घालणार? बॅटऱ्या बॅटऱ्या आहेत."

"आणि दुपारी?"

तो लाल झाला. कानांपर्यंत. तिने तो लाल रंग पाहिला आणि तिच्या लेखी खटला संपला.

"आई गेल्यावर तुला मी वाढवलं," ती सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. खोके बांधणाऱ्या चिकटपट्ट्यांचा खरखराट क्षणभर थांबला. "घरात चोर वाढवला असेल असं वाटलं नव्हतं."

हानवेनने सूपच्या डब्या काउंटरवर ठेवल्या. खिशातून खणाची किल्ली काढून त्यांच्या शेजारी ठेवली. "तुझी डबी तिखटाची आहे," म्हणाला आणि निघून गेला. सामान घ्यायला परत आला नाही.

शिफू संध्याकाळी खाली आले. "येईल परत," म्हणाले. "पोरांचा राग असा असतो." आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिला बरं वाटलं. हे लिहिताना माझं डोकं फिरतं, पण खरंच बरं वाटलं तिला.

आता पुरावा हवा होता. परत आलेल्या फोनच्या बॅटऱ्या तिने एकेक करून काढल्या आणि परीक्षायंत्रावर लावल्या. क्षमता भरलेली. नवी कोरी. एक नाही, दोन नाही, सगळ्या. छाप खरा, वजन बरोबर. हानवेन म्हणाला होता तसाच माल चांगला होता.

समजदार माणूस इथे थांबला असता. लीछुन थांबली नाही. संशयाला एकदा चटक लागली की तो उपाशी राहत नाही. तिला वाटलं, बॅटरी चांगली आहे म्हणजे यानं फोनच्या आतच काहीतरी करून ठेवलंय. गुपचूप चालणारं एखादं ॲप, वीज खाणारं. ते पकडायचं ठरवून तिने दुरुस्तीच्या टेबलावरचं यंत्र ओढलं.

हे यंत्र प्रत्येक काउंटरवर असतं. फोनमधली बॅटरी काढायची, तिच्या जागी यंत्राच्या तारा जोडायच्या, म्हणजे यंत्रच फोनला वीज देतं आणि फोन किती वीज पितोय तो आकडा समोर दिसत राहतो. लीछुनने एक मेलेला फोन जोडला. नेहमीच्या सवयीने पांढरं पान लावलं, उजेड पूर्ण केला. आकडा चढला, जिथे चढायला हवा होता तिथे. गुपचूप काही खात नव्हतं. तिने नेट बंद केलं, सगळी ॲप बंद केली. आकडा किंचित उतरला, बस.

मग तिला थान बाईंचा नकाशा आठवला. या बाई फोन वापरतात काळ्यावर, आणि मी तपासतेय पांढऱ्यावर. तिने काळंकुट्ट पान लावलं आणि आकड्याकडे पाहिलं.

आकडा जागचा हलला नाही.

तिने यंत्राला चापट मारली. पुन्हा पांढरं, पुन्हा काळं. पडदा बदलत होता, आकडा तसाच. तेव्हा तिने थान बाईंच्या खेपेतला, इकडेच राहून गेलेला एक चांगला फोन जोडला. पांढरं पान, आकडा वर. काळं पान, आणि आकडा दणकन निम्म्याच्याही खाली.

मॉडेल तेच. वर्ष तेच. आणि एकाला काळ्याने फरक पडतो, दुसऱ्याला पडत नाही.

आता हे लीछुनला कळायला वेळ लागू नये. या बाजारात सगळ्यांना माहीत असतं. त्या मॉडेलला कंपनीचा पडदा ओलेड असतो. ओलेड पडद्यात प्रत्येक ठिपका हा स्वतःच एक छोटा दिवा. पांढरं पान म्हणजे सगळे दिवे जळतायत. काळं पान म्हणजे ते विझलेत, आणि विझलेला दिवा वीज खात नाही. म्हणून थान बाईंचा काळा नकाशा बॅटरी वाचवायचा. तो पूर्ण काळाही नाही, करडा-निळसर आहे, रस्ते त्यात उजळ आहेत. पण मंद दिवाही भर दिव्यापेक्षा कमीच खातो, आणि उन्हात उजेड पूर्ण असला की हा फरक मोठा होतो. एलसीडीचं तसं नाही. तिथे पडद्याच्या मागे एकच सबंध दिवा असतो, आणि पुढचे ठिपके नुसती दारं असतात. पांढऱ्याला दारं उघडतात, काळ्याला मिटतात. दारं मिटली म्हणून मागचा दिवा थोडाच विझतो? तो जळतच राहतो, मिटल्या दारांमागे. काळं करा, जांभळं करा, बॅटरीला त्याचं काही नाही.

म्हणजे मेलेल्या फोनवर एलसीडी होती. तिने मान वर करून भोवतीच्या झगझगाटाकडे पाहिलं. या मजल्यावर छतापासून काउंटरपर्यंत इतके दिवे, की इथे कुठलाही काळा रंग काळाच दिसतो. तिने पायाशी पडलेला एक रिकामा खोका उचलला, दोन्ही फोन त्यात ठेवले, आणि सगळ्या बाजारासमोर आपलं डोकं त्यात घातलं.

"मालकीणबाईंना काय झालं?" कुणीतरी विचारलं. फँग वहिनी म्हणाली, "झडतीच चालू आहे. आता खोक्याची."

खोक्यात दोन्ही फोनवर काळं पान होतं. एक फोन नाहीसाच झाला. हात लावला तर कळावं की आहे. दुसरा धुरकट करडा, मागून उजेड पाझरत होता. मिटल्या दारांच्या फटींतून यावा तसा. लीछुन त्याच्याकडे बघत राहिली. खोक्याच्या आत तिचा श्वास तिलाच मोठ्याने ऐकू येत होता.

पांढऱ्यावर दोन्ही सारखेच सुंदर दिसले असते. दिसलेच होते. तिच्याच नजरेखालून गेले होते सगळे.

आता वाटेल की तिला लगेच उमगलं. नाही. डोकं बाहेर काढताना तिच्या मनात आलं, हानवेनने पडदे बदलले. मूळ पडद्याला बाजारात केवढा भाव! घडीभर तिला सुटल्यासारखंही वाटलं, कारण तसं असतं तर ती बरोबर ठरत होती. पण मग तिने फोनच्या पाठीवरच्या खुणा पाहिल्या. काच तडकलेला फोन वर पाठवायचा तर ती पाठीवर निळ्या शाईने एक टिंब करायची, धुतलं तरी फिकट राहणारं. मेलेल्या प्रत्येक फोनवर टिंब होतं. चालणाऱ्यावर नव्हतं. बॅटरी सगळ्यांची हानवेनने बदलली होती, पडदा वर गेलेल्यांचाच बदलला होता.

वर एकच माणूस होता.

लीछुन तो दिवस आणि पुढचा अर्धा दिवस त्या गोष्टीभोवती फिरत राहिली. शिफूंबद्दल असा विचार करणंच तिला घाण वाटत होतं. भावावर संशय घ्यायला तिला एक लाल कान पुरला होता. शिफूंवर घ्यायला यंत्र, खोका आणि टिंब एवढं पुढ्यात असून पुरत नव्हतं. शेवटी तिने एक तडकलेला फोन घेतला. आधी खोक्यात डोकं घालून पाहिला. काळा, नाहीसा होणारा. ओलेड, मूळ. मग फोन उघडून पडद्याच्या पट्टीवर, सहज दिसणार नाही अशा जागी, नखाने एक ओरखडा काढला, बंद केला आणि वर पाठवला.

फोन परत आला. काच चकचकीत, एक कण धूळ नाही. पडदा बदलला की एरवी फोन स्वतःच इशारा देतो, त्यानेही काही कुरकुर केली नव्हती. मूळ पडद्याची चिप काढून दुसऱ्यावर बसवली की फोनही फसतो, आणि ते काम शिफूंसारखं कुणाला जमायचं नाही. तिने खोक्यात पाहिलं. करडा. उघडला. ओरखडा नव्हता.

ती वर गेली. शिफूंनी पेले मांडले. पहिलं पाणी टाकलं, दुसरं ओतलं, तिच्यापुढे सरकवलं. लीछुनची बोटं मांडीवरच राहिली. शिफूंनी तिच्या हाताकडे पाहिलं. टकटक झाली नाही. त्यांनी किटली खाली ठेवली.

"कळलं का तुला?" ते म्हणाले.

नाकारतील, चिडतील, तिला कृतघ्न म्हणतील, अशी तिने तयारी केली होती. एवढ्या सरळ उत्तराची तयारी नव्हती.

"मूळ पडदे कुठे विकलेत?"

"विकले?" म्हातारा हसला, आणि ते हसणं बघवेना. त्यांनी टेबलाखालचा पत्र्याचा डबा ओढून झाकण काढलं. आत पडदे होते. एकावर एक, कागदासारखे पातळ, कुणावर शाई सांडल्यासारखा काळा डाग, कुणावर हिरवी उभी रेघ. सगळे मेलेले. "काच सोलताना तापवावं लागतं, मग काचेखालून तार ओढावी लागते. केसभर खाली गेली की पडदा गेला. पूर्वी माझा वर्षात एखादा जायचा." त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. तो टेबलावर ठेवूनही स्थिर राहत नव्हता. पेल्यातला चहा बारीक थरथरत होता. "एलसीडी मी माझ्या खिशातून घेऊन बसवल्या. तुझं एक दमडीचंही नुकसान होऊ नये म्हणून."

"मला सांगायचं होतं."

"काय सांगायचं? की आता माझ्याकडे काम पाठवू नकोस?"

"हो. तेच सांगायचं."

"तू पांढऱ्यावरच बघतेस हे मला माहीत होतं," शिफू म्हणाले. "मीच शिकवलंय. त्या काळी सगळेच पडदे एलसीडीचे होते गं. काळ्यावर बघण्यासारखं काही नसायचंच."

लीछुनला त्यांची दया आली. खरंच आली, पोटातून. आणि त्याच्या पाठोपाठ जो संताप आला तो त्या दयेलाही गिळून गेला. "हात थरथरतो ते ठीक. पडदे बदललेत तेही मी गिळलं असतं. पण तुम्ही मला म्हणालात, बॅटरी वरून कळत नाही. म्हणालात, पोरांना हात मोकळा हवा असतो. ते का म्हणालात, शिफू?"

म्हाताऱ्याने डब्याला झाकण लावलं. म्हणाला, "तू विचारायला आलीस तेव्हा डबा टेबलाखालीच होता. तू वाकून बघशील याची भीती वाटली."

ती उठली. चहाला तिने हात लावला नाही.

हानवेनला शोधायला लांब जावं लागलं नाही. खालच्या मजल्यावर, त्या बॅटऱ्यावाल्या बाईच्या काउंटरवर, बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी आणि आत हा, खाली मान घालून स्क्रू काढतोय. रया गेलेला वगैरे काही नव्हता. मजेत होता. ते बघून लीछुनला आनंद व्हायला हवा होता.

ती गिऱ्हाइकांच्या मागे उभी राहिली. पाळी आल्यावर तिने सगळं सांगितलं. काळं पान, न हलणारा आकडा, खोका, ओरखडा, डबा. भराभर, एका दमात, कुठेही न थांबता, म्हणजे मध्ये कुणी काही विचारू नये. हानवेनने ऐकून घेतलं.

"शिफूंचा हात फार थरथरतो का?" त्याने विचारलं.

"फार."

"मला वाटायचं तसं. किटली दोन हातांनी धरायला लागले होते." त्याने हातातला स्क्रू थाळीत टाकला. मग म्हणाला, "दुपारी मी गाडी शिकायला जात होतो. परीक्षेत दोनदा नापास झालो. तुला सांगितलं असतं तर तू फँग वहिनीला सांगितलं असतंस."

लीछुन हसली. तो हसला नाही.

"म्हणजे यंत्राने सांगितलं म्हणून आलीस," तो म्हणाला.

"हो."

"आणि आकडा हलला असता तर?"

किती तरी उत्तरं होती. तू माझा भाऊ आहेस, मला मनातून माहीत होतं, मी येणारच होते. तिने एकेक तोंडाशी आणलं आणि सोडून दिलं. या माणसाला पुन्हा खोटं बोलून फसवणं तिच्याच्याने झालं नाही.

"तर नसते आले," ती म्हणाली.

हानवेनने मान हलवली. रागावला नाही, हिशेब जुळल्यावर हलवतात तशी हलवली. तिच्या मागे आणखी एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं. जायला हवं होतं, पण तिने पर्समधला आपला फोन काढला आणि काउंटरवर ठेवला. "बॅटरी बदलायची आहे," ती म्हणाली.

त्याने फोन घेतला. किती सफाईने उघडला! जुनी बॅटरी सोडवली, बाजूला ठेवली. नवी काढली, तिच्यावरचं पारदर्शक आवरण न फाडता परीक्षायंत्रावर लावली आणि यंत्राचं तोंड तिच्याकडे फिरवलं.

"बघून घ्या, मालकीणबाई," तो म्हणाला. "कोरी आहे. छाप बघा, आकडा बघा."

"हानवेन, मला नाही बघायचं."

"आमच्याकडे दाखवल्याशिवाय बसवत नाहीत." तो थांबला होता, बॅटरी हातात, स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून. घाई नव्हती त्याला. "सगळ्यांनाच दाखवतो."

मागचं गिऱ्हाईक चुळबुळलं. लीछुनने वाकून छाप पाहिला. आकडा पाहिला. मग मान डोलावून 'बरोबर आहे' म्हणाली, आणि त्यानंतरच त्याने बॅटरी बसवली.